नाका कुठे होता? गंगापूर रोडचे जुने नकाशे वाचताना
(प्रस्तावना)

नाशिकचा जुना मोजणी-नकाशा मागायला गेलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट कळते. शहर एका शिटावर मावत नाही. ते मोठे आहे म्हणून नव्हे. शंभर वर्षांपूर्वी ते लहानच होते. पण वीस अंश उत्तर अक्षांशाची रेषा थेट नाशिकमधून जाते आणि भारतीय सर्वेक्षण विभागाने देशाचे कागद पाडले ते अशाच रेषांवरून. त्यामुळे पंचवटी आणि गोदाकाठ येतो ४६ एच/१६ या शिटावर, तर शहराची दक्षिण बाजू ४७ ई/१३ वर. पश्चिमेला जाऊ लागलो की आनंदवल्लीच्या आसपास ७३ अंश ४५ मिनिटांचा रेखांश आडवा येतो आणि गंगापूर गाव ४६ एच/१२ वर जाऊन पडते. म्हणजे आज रिक्षाने अर्ध्या तासात संपणारा गंगापूर रोड कागदावर दोन शिटांत तुटलेला आहे, आणि ज्या शहरातून तो निघतो ते शहर तिसऱ्या शिटावर सांडलेले आहे. या विषयात नव्याने येणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी, असे मी सांगतो. शिटे जोडता जोडताच नकाशा कळू लागतो.

जोडताना एक जुना सापळा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंतच्या शिटांवरचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या जुन्या किमतीवर बेतलेले होते, आणि ती किंमत सुमारे अडीच मिनिटांनी जास्त होती. अडीच मिनिटे ऐकायला किरकोळ वाटतात. नाशिकच्या अक्षांशावर ती चार किलोमीटरांहून जास्त भरतात. असे शीट समासातले आकडे प्रमाण मानून आजच्या नकाशावर ठेवले, तर आनंदवल्ली उचलून जवळपास अशोक स्तंभापाशी येऊन बसेल. चूक इतकी मोठी असली की निदान लगेच दिसते. खरा त्रास लहान चुकीचा असतो. शे-दीडशे मीटरांचा फरक डोळ्याला पटून जातो आणि निष्कर्ष बिघडवतो. म्हणून आकड्यांवर विसंबू नये, न हललेल्या वस्तूंवर नकाशा टेकवावा. काळाराम मंदिर, सोमेश्वराचे देऊळ, गोदावरीची खडकाळ वळणे, जुन्या गढीची टेकडी हे चांगले आधार. दोन पुरत नाहीत, चार-पाच घ्यावेत, आणि ते शहराच्या एकाच बाजूला दाटलेले नसावेत. नदीचा वाळूचा काठ मात्र आधार म्हणून कधीच घेऊ नये.

आता मूळ प्रश्न. गाव कुठे संपत होते? हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण एकच रेषा शोधतात आणि तिथेच फसतात. एकाच वर्षी एकाच रस्त्यावर गावाच्या निदान तीन कडा असतात. पहिली, सलग घरे जिथे थांबतात ती. दुसरी, जिथे गाडी अडवून कर घेतला जातो ती, म्हणजे नाका. तिसरी, कागदावरची हद्द: गावठाणाची, महसुली शिवेची किंवा नगरपालिकेची. नाशिकची नगरपालिका १८६४ ची. तिची हद्द आणि लोकांची घरे एकाच जागी संपत होती असे धरून चालणे ही या विषयातली सर्वांत सामान्य चूक आहे. गंगापूर रोडवर ‘जुना गंगापूर नाका’ हे नाव अजून रोज तोंडी येते, आणि तो आता भर वस्तीत आहे. त्या नावाने दुसरी कडा जमिनीवर खुंटीसारखी ठोकून ठेवली आहे. पहिली आणि तिसरी आपल्याला शोधावी लागते.

पहिलीसाठी एक इंच म्हणजे एक मैल या प्रमाणाचे शीट घ्यावे. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे त्रेसष्ट मीटर. अशोक स्तंभ ते गंगापूर हे साधारण आठ-नऊ किलोमीटरांचे अंतर पाचेक इंचांत बसते. या प्रमाणावर एकेक घर दिसत नाही. दाट वस्ती लाल ठोकळ्यांत दाखवलेली असते. ठोकळा म्हणजे भिंतीला भिंत लागलेली घरे असा अर्थ घेऊ नये. मधली परसे, गोठे, मोकळ्या जागा त्यात गिळल्या जातात. ठोकळा संपून सुटे ठिपके सुरू होतात ती जागा नोंदवावी आणि तिला कडा न म्हणता कडेचा पट्टा म्हणावे. पुढे पाहावे ते रस्त्याचे चिन्ह. पक्का रस्ता, कच्चा रस्ता आणि गाडीवाट यांची चिन्हे वेगळी असतात, आणि पक्का रस्ता कुठे कच्चा होतो हे घरांइतकेच बोलके असते.

मग समास वाचावा. तिथे मोजणीचे वर्ष वेगळे आणि छपाईचे वेगळे असते. त्यांत वीस वर्षांचे अंतर असले तरी नवल नाही. त्यातही काही शिटांवर फक्त रस्ते आणि लोहमार्ग नव्याने दुरुस्त केलेले असतात, घरे मात्र जुन्या मोजणीचीच. हे ओळखायचे कसे? गंगापूर धरण ही इथली सोपी कसोटी. हे मातीचे धरण स्वातंत्र्यानंतरचे. शिटावर जलाशय निळा दिसतो, पण खालची वस्ती त्याआधीच्या शिटाशी ठिपक्याला ठिपका जुळते, असे आढळले तर वस्तीची पुन्हा मोजणी झालेली नाही असे समजावे. अशा शिटावरून ‘या काळात वाढ झाली नाही’ असे लिहिणे म्हणजे मोजणीदाराच्या रजेला गावाची झोप समजणे होय.

तिसऱ्या कडेसाठी कागदच बदलावा लागतो. महसुली मोजणीचे गाव नकाशे हे वेगळ्या हेतूने काढलेले. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात सुरू केलेली पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, आणि एक साखळी लांब, एक साखळी रुंद जमीन म्हणजे गुंठा. सरकारला सारा हवा होता, आणि सारा शेतावर होता. म्हणून शेताचा बांध अन् बांध मोजला आणि गावठाण रिकामे सोडले. गल्ल्या, वाडे, देवळे यांची आत फारशी दखलच नाही. इतिहासकाराला हे उलटे सोयीचे पडते: गावाच्या पोटाबद्दल मुका असलेला हा नकाशा गावाच्या काठाबद्दल विलक्षण काटेकोर असतो.

आणि तो बांध अजून दिसतो. गंगापूर रोडला लागून असलेल्या कॉलन्यांमधून चालताना रस्ता मध्येच थोडा सरकतो, किंवा सरळ आलेला रस्ता कुंपणाला जाऊन थांबतो, आणि पलीकडे दुसरा रस्ता पाच-सात मीटर बाजूने सुरू होतो. नियोजनकर्त्याला नावे ठेवण्याआधी सर्वे नंबर पाहावेत. इथे शहर एका आराखड्याने वाढले नाही. एकेका शेतकऱ्याने आपल्या सर्वे नंबरापुरता ले-आउट मंजूर करून घेतला आणि शेजाऱ्याने तो दहा वर्षांनी घेतला. सरकलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या खरेदीखतांत सर्वे नंबर वेगळे निघाले तर तो जुना बांधच. नंबर एकच निघाला तर पोटहिस्सा पाहावा. भावांच्या वाटणीची रेषाही रस्ता वाकवते. तीही नसेल तर बुजवलेला ओहोळ शोधावा.

याच्या पुढची पायरी कष्टाची, पण मला सर्वांत विश्वासाची वाटते. प्रत्येक सर्वे नंबराचा बिनशेती आदेश कधी झाला, हे सातबारावरच्या फेरफारातून काढायचे आणि नकाशावर त्या शेतात ते साल लिहायचे. दहा-पंधरा शेते भरली की कडा सरकताना दिसू लागते. एवढे लक्षात ठेवावे की बिनशेती झाली म्हणजे घर उभे राहिले असे नाही; प्लॉट पाडून वर्षानुवर्षे गवत वाढत राहते. आदेशाचे साल ही लवकरात लवकरची तारीख. घरपट्टीची पहिली नोंद मिळाली तर दुसरे टोकही पकडता येते.

असे करत गेले की गंगापूर रोडचे खरे रूप पुढे येते: कडा क्रमाने सरकलेली नाही, तिने उड्या मारल्या आहेत. आधी गावाबाहेर मोठ्या जागा घेणाऱ्या संस्था आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीचे शरणपूर वसले. अरबांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले तिथे शिकली, आणि लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या प्रवासातला जेकब वेनराइट हा तिथलाच विद्यार्थी. १९१४ मध्ये मराठा विद्या प्रसारक समाज, १९२४ मध्ये जवळच्या कॉलेज रोडवर हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय, १९३७ मध्ये डॉ. मुंजे यांचे भोसला मिलिटरी स्कूल, १९६९ मध्ये के.टी.एच.एम. महाविद्यालय. या सगळ्यांना स्वस्त आणि ऐसपैस जमीन हवी होती, बाजारपेठ शेजारी नसली तरी चालत होते. घरे नंतर आली आणि या आवारांना वळसा घालून पुढे गेली.

एम. आर. जी. कॉन्झेन यांनी १९६० मध्ये इंग्लंडमधल्या अ‍ॅनिक या लहान गावाच्या अभ्यासात ही गोष्ट नीट मांडली. गावाची वाढ जिथे रेंगाळते तिथे मोठ्या मोकळ्या आवारांचा पट्टा साचतो, आणि वाढ पुन्हा सुरू झाली तरी तो पट्टा झाडाच्या वलयासारखा आत राहून जातो. अ‍ॅनिकला तटबंदी होती, नाशिकला पश्चिमेला तसा तट नाही. म्हणून कॉन्झेनची मांडणी इथे जशीच्या तशी लावू नये. शिवाय उत्तरेला गोदावरी असल्याने हा रस्ता बराचसा एकाच अंगाने भरला. तरीही आजच्या नकाशावर डोंगरे वसतिगृहाचे मैदान, महाविद्यालयांची आवारे आणि भोसलाची जमीन एका रंगात रंगवून पाहावी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले नाशिक पश्चिमेला कुठे श्वास घेत थांबले होते, ते त्या डागांवरून कोणत्याही एका शिटापेक्षा चांगले कळते.

आनंदवल्ली या सगळ्यात वेगळी. ती कडा नव्हतीच. राघोबादादांनी तिथे मुक्काम केला तेव्हा ते स्वतंत्र ठिकाण होते, आणि पुढेही शिव, गावठाण, पाटील असलेले स्वतःचे गाव राहिले. नाशिकची वाढ तिच्यापर्यंत पोचली तेव्हा दोन गावांच्या कडा समोरासमोर आल्या. अशा ठिकाणी सलग घरे पाहून ‘नाशिक इथवर वाढले’ म्हणणे चुकीचे. निम्मी घरे आनंदवल्लीची वाढ असतात. गावठाणाच्या हद्दीबाहेर दोन्ही बाजूंची बिनशेती साले लावली की कोण कुठवर आले ते वेगळे करता येते. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी महानगरपालिका झाली आणि आनंदवल्ली, गंगापूर यांसारखी गावे हद्दीत आली. कागदावरची कडा एका दिवसात कित्येक किलोमीटर पुढे गेली, तेव्हा मधल्या शेतांत पीक उभे होते.

वाचकाला एकच विनंती आहे. गंगापूर रोडवरच्या पुष्कळ घरांत मंजूर ले-आउटची निळी प्रत, जुना सातबारा, सोसायटीच्या प्लॉटवाटपाचा नकाशा कपाटात पडून आहे. घर पुनर्विकासाला जाते तेव्हा हे कागद रद्दीत जातात, आणि त्यांची दुसरी प्रत सरकारी दप्तरात सापडेलच असे नाही. टाकण्याआधी सर्वे नंबर आणि तारीख दिसेल अशी एक छायाप्रत काढा आणि १८४० पासून चालू असलेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या एखाद्या संस्थेला ती घेण्याविषयी विचारा.