मृत्यूचा दाखला : सिंकमध्ये पुसलेली फाइल सगळीकडून का जाते

एका कॉम्प्युटरवर फाइल पुसली आणि ती घरच्या, ऑफिसच्या आणि फोनमधल्या सगळ्या जागांवरून गेली, की पहिली तक्रार असते ती सिंक बिघडल्याची. पण त्या क्षणी सिंक अगदी बरोबर चाललेलं असतं. पुसण्याची बातमी सगळीकडे पोचवणं हे सिंकला सुरुवातीला जमत नव्हतं. ते जमावं म्हणून हुशार माणसांनी बरीच डोकेफोड केली आहे. बॅकअपचं घराणं त्याहून जुनं आणि वेगळं. दोघांचं मूळ बघितलं की एकाचं काम दुसऱ्याकडून का होत नाही, हे आपोआप कळतं.

सिंकची गोष्ट झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रातून सांगायला हवी. १९८०च्या दशकात कंपनीच्या अंतर्गत जाळ्यात काही हजार यंत्रं होती. जपानमधल्या यंत्राकडून युरोपमधल्या यंत्राकडे निरोप जायचा तर वाटेत टेलिफोनच्या सात-सात लाइनी ओलांडाव्या लागत. कुठलं यंत्र कुठे आहे, कोणाची टपालपेटी कुठे आहे, हे सांगणारी नोंदवही या जाळ्यात होती. तिचं नाव क्लिअरिंगहाउस. तिच्या प्रती अनेक सर्व्हरवर ठेवलेल्या असत आणि त्या एकसारख्या ठेवणं हे रोजचं दुखणं होतं. त्यावर एक पद्धत होती : प्रत्येक सर्व्हरने अधूनमधून दुसरा कुठलातरी सर्व्हर निवडायचा, दोघांच्या वह्या ताडून बघायच्या, आणि ज्याच्याकडे जे कमी किंवा जुनं असेल ते त्याने दुसऱ्याकडून घ्यायचं.

नवी नोंद या पद्धतीने छान पसरायची, पण पुसलेली नोंद काही पसरायची नाही. टोकियोच्या सर्व्हरवर एक नाव खोडलं. थोड्या वेळाने त्याची गाठ लंडनच्या सर्व्हरशी पडली. लंडनच्या वहीत ते नाव आहे, टोकियोच्या वहीत नाही. ताळा करणाऱ्या प्रोग्रॅमच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की टोकियो मागे पडलं आहे. त्यामुळे खोडलेलं नाव टोकियोच्या वहीत परत यायचं. नसलेल्या गोष्टीवर तारीख नसते, आणि तारखेशिवाय नवं काय नि जुनं काय हे प्रोग्रॅमला ठरवता येत नाही.

अॅलन डेमर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली या सगळ्यावर निबंध प्रसिद्ध केला. निरोप पसरण्याचं गणित त्यांनी साथीच्या रोगांच्या शास्त्रातून घेतलं होतं. खोडण्यासाठी त्यांनी जो उपाय वापरला, त्याला त्यांनी मृत्यूचा दाखला असंच नाव दिलं. नोंद नुसती काढून टाकायची नाही. तिच्या जागी ‘ही नोंद अमुक वेळी मेली’ अशी दुसरी नोंद ठेवायची. हा दाखला इतर नोंदींसारखाच गावोगाव फिरतो आणि जिथे त्याला जुनी जिवंत प्रत भेटते तिथे ती रद्द करतो, कारण दाखल्यावरची तारीख नंतरची असते. पुढे याच कल्पनेला थडगं हे नाव जास्त रूढ झालं.

हे दाखले किती दिवस सांभाळायचे, हा पुढचा पेच. कायम ठेवले तर वही दाखल्यांनीच भरेल. लवकर फेकले तर महिनाभर बंद असलेला एखादा सर्व्हर परत येईल आणि त्याच्याकडची जुनी नोंद पुन्हा जिवंत करून सगळ्यांना वाटेल. निबंधात उदाहरणादाखल तीस दिवसांची मुदत दिलेली आहे. शिवाय थोड्या ठिकाणी काही दाखले झोपवून ठेवायचे आणि जुनी प्रत परत उगवली तर ते जागे करायचे, अशीही युक्ती आहे. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. फाइल सिंक करणाऱ्या आजच्या सेवांच्या पोटात ‘पुसलं’ ही बातमी याच तऱ्हेने, स्वतःची तारीख घेऊन फिरते.

नोंदवहीतली ही अडचण पुढे घरगुती फाइलींत आली. लोकांकडे दोन-दोन कॉम्प्युटर झाले आणि ऑफिसात केलेलं काम घरी, घरचं ऑफिसात असावंसं वाटू लागलं. १९९८ साली बालसुब्रमण्यम आणि बेंजामिन पियर्स यांनी फाइल सिंक म्हणजे नेमकं काय, हे काटेकोरपणे मांडलं. पियर्स यांच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातूनच युनिसन हा प्रोग्रॅम आला. युनिसन प्रत्येक वेळी दोन्ही बाजू जुळल्यावर ‘शेवटी असं होतं’ याची टिपणवही मागे ठेवतो. पुढच्या वेळी फाइल एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही असं दिसलं, तर तो ती वही उघडतो. वहीत ती फाइल असेल तर ती पुसली गेली आहे, म्हणजे इकडेही पुसायची. वहीत नसेल तर ती नवी आहे, म्हणजे तिकडेही न्यायची. पुढे ड्रॉपबॉक्स २००८ साली लोकांसाठी खुला झाला, तेव्हा वही सर्व्हरवर गेली आणि ताळा सतत, आपल्याला न विचारता होऊ लागला.

आता एक प्रसंग पावलापावलाने बघू. समजा, एका दिवाळी अंकाचं छोटं ऑफिस आहे. संपादकांचा कॉम्प्युटर, मजकूर लावणाऱ्याचा कॉम्प्युटर आणि उपसंपादकाचा लॅपटॉप अशा तिघांत एक फोल्डर सिंकवर आहे. जुलैत मजकूर लावणाऱ्याची डिस्क भरली. ‘मागील अंक’ हे फोल्डर आपल्या कॉम्प्युटरवर नसलं तरी चालेल असं वाटून त्याने ते काढलं. पुसलं असो की ओढून डेस्कटॉपवर ठेवलं असो, सिंकला दोन्ही सारखंच : फोल्डरमध्ये होतं, आता नाही. वहीत ते आहे, म्हणजे पुसलं. बातमी सर्व्हरवर गेली. संपादकांचा कॉम्प्युटर चालू होता. तिथली प्रत शेवटच्या सिंकनंतर बदललेली नाही, एवढं तपासून प्रोग्रॅमने तीही काढली. सगळं मिनिटाभरात.

उपसंपादक चार दिवस गावी होता, लॅपटॉप इंटरनेटशिवाय. त्याच्याकडे पूर्ण फोल्डर शाबूत आहे. तो परत येतो, वायफाय लावतो, सर्व्हरवर थांबलेली बातमी पोचते आणि ही शेवटची प्रतही जाते. गावी असताना एका लेखात त्याने दुरुस्ती केली असेल, तर तेवढी फाइल बहुधा वाचते, कारण एकीकडे पुसलं आणि दुसरीकडे बदललं असा तंटा झाला की बहुतेक सेवा बदललेली प्रत राखतात. फोल्डरमध्ये एकच फाइल विचित्रपणे उरलेली दिसली, तर बाकीच्या सिंकमधूनच गेल्या, हे ओळखायची ती खूण.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे बंद असलेलं यंत्र जाळ्यात येऊ न देणं. लॅपटॉप सुरू करण्याआधी घरचा राउटर बंद करायचा, फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायचं, मग इंटरनेट. दुसरं, सेवेच्या वेबसाइटवरचा ट्रॅश आणि हालचालींची नोंद बघायची. कोणाच्या खात्यातून, किती वाजता पुसलं हे तिथे दिसतं. पण त्या ट्रॅशलाही मुदत आहे. ड्रॉपबॉक्सच्या साध्या खात्यावर आणि गूगल ड्राइव्हवर ती तीस दिवसांची आहे. जुलैत गेलेलं ‘मागील अंक’ कोणाला आठवणार? ऑक्टोबरात, जाहिरातदाराने गेल्या वर्षीचं पान मागितल्यावर. ट्रॅश ही चुकीसाठी दिलेली सवड आहे, आणि चूक लक्षात यायला सवडीपेक्षा जास्त वेळ लागला तर तिचा उपयोग नाही.

बॅकअपचं घराणं टेपवरून आलं. युनिक्समध्ये सत्तरीच्या दशकातच dump नावाची आज्ञा होती : शून्य पातळीला सगळंच्या सगळं टेपवर, वरच्या पातळ्यांना त्यानंतर बदललेलं तेवढं. लिहून झालेल्या टेपवर तारीख टाकून ती कपाटात जायची. चालू कॉम्प्युटरवर नंतर काय पुसलं, काय खराब झालं, याची बातमी त्या टेपपर्यंत पोचायला वाटच नव्हती. सिंक ‘आत्ता सगळीकडे काय आहे’ याचं उत्तर देतं. बॅकअप ‘त्या तारखेला काय होतं’ याचं. प्रती दहा असल्या तरी त्या सगळ्या आत्ताच्याच असतील तर मागची तारीख कुठेच नसते.

हे मोठ्या प्रमाणावर दिसलं ते फेब्रुवारी २०११ मध्ये. जीमेलच्या साठवणीच्या प्रोग्रॅममध्ये नवी सुधारणा घालताना एक दोष शिरला आणि थोड्या लोकांच्या, शेकडा ०.०२ जणांच्या, पेट्या रिकाम्या दिसू लागल्या. गूगलकडे प्रत्येक पत्राच्या अनेक प्रती वेगवेगळ्या डेटा सेंटरांत होत्या, पण दोष प्रोग्रॅममध्येच असल्याने तो अनेक प्रतींपर्यंत पोचला. शेवटी पत्रं परत आली ती टेपवरून. टेप जाळ्याला जोडलेल्या नव्हत्या, म्हणून वाचल्या, असं कंपनीने स्वतःच सांगितलं.

आज घोटाळा वाढतो तो पाट्यांमुळे. फोनवरच्या गूगल फोटोजमध्ये ‘बॅकअप’ असं लिहिलेलं असतं, पण त्यात फोटो पुसला की तो फोनमधून आणि खात्यातून, दोन्हीकडून जातो. ट्रॅशमध्ये साठ दिवस असतो, मग संपतो. आयक्लाउड फोटोजचंही तसंच, मुदत तीस दिवसांची. पाटी काही म्हणो, एक प्रश्न विचारला की कळतं : आज पुसलेली फाइल तीन महिन्यांनी इथून परत मिळेल का?

उलट बाजूनेही हा गोंधळ होतो. बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेतो असं म्हणणारे पुष्कळ जण खरं तर आरसा ठेवत असतात. rsync ही आज्ञा अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये आणली. ती वही ठेवत नाही, आणि मूळ जागेवरून गेलेलं पलीकडे स्वतःहून पुसतही नाही. तिला `--delete` जोडलं की मात्र पुसते. मूळ डिस्क त्या दिवशी नीट जोडली गेली नसेल आणि तिच्या जागी रिकामं फोल्डर दिसत असेल, तर ही आज्ञा पलीकडची डिस्कही रिकामी करते. म्हणून आधी `-n` लावून नुसती तालीम घ्यायची :

```
rsync -avn --delete /home/ank/ /mnt/usb/ank/
```

पडद्यावर `deleting` ने सुरू होणाऱ्या ओळी धडाधड येऊ लागल्या, तर तिथेच थांबायचं. आणि खरा बॅकअप हवा असेल तर प्रत्येक वेळी नव्या तारखेचं फोल्डर :

```
rsync -a --link-dest=/mnt/usb/2025-07-01 \
  /home/ank/ /mnt/usb/2025-07-08/
```

न बदललेल्या फाइली इथे पुन्हा जागा खात नाहीत. मागच्या फोल्डरमधल्या फाइलीशी त्यांची हार्ड लिंक होते. त्यासाठी डिस्क लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी, बाजारातून आणलेल्या पेन ड्राइव्हवर हे सहसा चालत नाही. एक जुलैच्या बॅकअपनंतर आणि आठ जुलैच्या आधी कोणी ‘मागील अंक’ पुसलं असेल, तर ते आठ तारखेच्या फोल्डरमध्ये दिसणार नाही, पण एक तारखेच्या फोल्डरमध्ये दिसेल. काम झालं की डिस्क काढून ठेवायची आणि जुनी फोल्डरं अंक छापून होईपर्यंत तरी पुसायची नाहीत.