चार शेजारी की आठ? बायनरी इमेजमधले तुकडे मोजताना होणारा घोळ

एकाच फोटोतले मुगाचे दाणे मी आणि माझा मित्र आपापल्या प्रोग्रामने मोजत होतो. त्याचा आकडा वेगळा आला, माझा वेगळा. कोड तपासला तर चूक कुठेच नव्हती. फरक होता तो ‘शेजारी कोणाला म्हणायचं’ या एका व्याख्येत. तीच गोष्ट इथे एका छोट्या ग्रिडवर करून बघू.

बायनरी इमेजमध्ये प्रत्येक पिक्सेल ० किंवा १ असतो. १ म्हणजे वस्तू, ० म्हणजे मागची पार्श्वभूमी. एकमेकांना चिकटलेल्या १ चा प्रत्येक गट ओळखून त्याला वेगळा नंबर देणं, याला कनेक्टेड कंपोनंट लेबलिंग म्हणतात. आपली ग्रिड ५ × ५ ची आहे:

```
१ १ ० ० १
० १ ० १ १
० ० १ ० ०
१ ० ० ० १
१ १ ० १ १
```

फोर-कनेक्टिव्हिटीत वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे असलेले चारच पिक्सेल शेजारी धरतात. एट-कनेक्टिव्हिटीत कोपऱ्याला कोपरा लागलेले चार तिरके पिक्सेलही शेजारी होतात.

आधी फोर. रोझेनफेल्ड आणि फाल्ट्झ यांनी १९६६ साली मांडलेली दोन फेऱ्यांची पद्धत वापरू. पहिल्या ओळीपासून डावीकडून उजवीकडे जायचं. १ दिसला की फक्त वरचा आणि डावीकडचा पिक्सेल बघायचा, कारण बाकीच्या दोघांवर आपण अजून पोचलेलोच नसतो. दोघंही ० असतील तर नवीन लेबल, नाहीतर शेजाऱ्याचं लेबल.

पहिल्या ओळीत डावीकडच्या दोघांना लेबल १ मिळतं आणि शेवटच्याला २. दुसऱ्या ओळीत चौथ्या पिक्सेलच्या वरही ० आणि डावीकडेही ०, म्हणून त्याला ३. आता गंमत पाचव्या पिक्सेलची: वर २ आहे आणि डावीकडे ३! अशा वेळी लहान लेबल द्यायचं आणि बाजूला लिहून ठेवायचं, ‘३ म्हणजेच २’. असंच शेवटपर्यंत गेलं की हे मिळतं:

```
१ १ ० ० २
० १ ० ३ २
० ० ४ ० ०
५ ० ० ० ६
५ ५ ० ७ ६
```

शेवटच्या ओळीत ‘७ म्हणजेच ६’ अशी आणखी एक नोंद झाली. दुसऱ्या फेरीत या नोंदी बघून ३ च्या जागी २ आणि ७ च्या जागी ६ लिहायचं. सात तात्पुरत्या लेबलांतून दोन गेली, उरले पाच तुकडे. ही नोंद विसरलात तर एकच तुकडा दोनदा मोजला जातो.

आता एट. इथे वरचे दोन तिरके पिक्सेलही बघायचे. दुसऱ्या ओळीतल्या चौथ्या पिक्सेलला वर-उजवीकडे २ दिसतो, त्यामुळे ३ हे जास्तीचं लेबल तयारच होत नाही. मधल्या एकट्या पिक्सेलला मात्र वर-डावीकडे १ आणि वर-उजवीकडे २ दिसतो. ‘२ म्हणजेच १’ अशी नोंद होते आणि वरचा सगळा भाग एकच होतो. उत्तर: तीन तुकडे.

मग खरं कोणतं? फोटोत काय आहे यावर ते ठरतं. ही हस्ताक्षराची इमेज असेल तर वरचा भाग चक्क इंग्रजी ‘व्ही’सारखा दिसतो. बारीक तिरकी रेघ पिक्सेलमध्ये कोपऱ्यांनीच जोडलेली असते, फोर तिचे तुकडे करतं. तिथे एट घ्या. पण कोपऱ्याला कोपरा टेकलेले दाणे असतील तर एट त्यांना एकच समजेल, तिथे फोर बरं. दोन दाणे कडेला कड लावून बसले असतील तर मात्र दोन्ही हरतात. त्यांना लेबलिंगच्या आधीच वेगळं करावं लागतं.

एक बारकावा पार्श्वभूमीचा. ही चौकट बघा:

```
० १ ०
१ ० १
० १ ०
```

एट धरलं तर चार १ मिळून बंद कडं होतं. मग ० सुद्धा एटने जोडले तर मधला ० तिरका निसटून बाहेरच्यांना मिळतो, म्हणजे कडं बंद असूनही आतलं भोक बाहेर उघडं! म्हणून वस्तूला एट तर पार्श्वभूमीला फोर, आणि वस्तूला फोर तर पार्श्वभूमीला एट, अशी जोडी ठेवतात.

आमचा घोळ शेवटी इथे सापडला. काहीही न सांगता वापरलं तर वरच्या ५ × ५ ग्रिडवर पायथॉनच्या दोन लायब्ररी असं उत्तर देतात:

```
lab, n = scipy.ndimage.label(img)       # n = 5
n, lab = cv2.connectedComponents(img)   # n = 4
```

पहिली फोर धरते. दुसरी एट धरते, शिवाय पार्श्वभूमीही मोजते, म्हणून तीनाचे चार. माझा कोड पहिल्या लायब्ररीत होता, मित्राचा दुसरीत. आता आम्ही आकडा सांगताना कनेक्टिव्हिटीही सांगतो, आणि त्याच्या आकड्यातून एक वजा करतो.