कॅच घेताना बोट दुखावलं? पट्टी बांधण्याआधी हे तपासा

चेंडू बोटाच्या टोकावर आदळला की बहुतेकदा मधला सांधा सुजतो. सूज चढण्याआधी अंगठी काढा. कापडात गुंडाळलेला बर्फ 15 मिनिटं लावा, हात उंच ठेवा. बोट ओढून 'बसवू' नका.

मग दुखरं बोट शेजारच्या बोटाला बांधा. मध्ये कापूस ठेवा. चिकटपट्टी सांध्याच्या वर आणि खाली लावा, सांधा मोकळा सोडा. बोट बधिर किंवा निळसर झालं, तर पट्टी लगेच सैल करा.

बोट हलतंय म्हणजे हाड शाबूत, असं नसतं. बोट वाकडं दिसलं, मूठ वळताना शेजारच्या बोटावर चढलं किंवा हाडावर दाबताच कळ आली, तर एक्स-रे काढा. टोक खाली झुकलंय आणि स्वतःहून सरळ होत नाही? मग ही पट्टी पुरत नाही. डॉक्टरांकडून स्प्लिंट लावून घ्यावा लागतो.