मृदू पोलादाचा प्रतिबल-विकृती वक्र

ताणचाचणीत मृदू पोलादाच्या नमुन्यावरील प्रतिबल व त्यामुळे होणारी विकृती यांचा संबंध दाखविणारा आलेख. त्याचा पाया, रॉबर्ट हुक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला ताण व वाढ यांच्या समप्रमाणाचा नियम होय (पहा : स्थितिस्थापकता).

१० मिमी. व्यासाचा, म्हणजे सुमारे ७८.५ चौ. मिमी. छेदाचा, ५० मिमी. मापलांबीचा नमुना घेतल्यास आरंभी वक्र सरळ रेषेत चढतो व तिचा उतार, म्हणजे यंग गुणांक, सुमारे २,००,००० न्यूटन प्रती चौ. मिमी. भरतो, त्यामुळे २५० न्यूटन प्रती चौ. मिमी. प्रतिबलास, सुमारे १९.६ किलोन्यूटन भारास, वाढ केवळ ०.०६ मिमी. होते. प्रमाण मर्यादेपुढे, स्थितिस्थापक मर्यादा ओलांडताच, ऊर्ध्व यील्ड-बिंदू येतो; कार्बन व नायट्रोजन यांच्या अणूंनी जखडलेले स्फटिकदोष तेथे एकाएकी मोकळे होत असल्याने प्रतिबल अधर यील्ड-बिंदूपर्यंत घसरते आणि नमुना जवळजवळ स्थिर भाराखाली वाढत राहतो. हा सपाट टप्पा मृदू पोलादाचे खास लक्षण असून ॲल्युमिनियमाच्या वक्रात तो सहसा आढळत नाही.

नंतर विकृति-दृढीकरणाने वक्र पुन्हा चढून कमाल प्रतिबलास पोचतो. तेथून नमुना एका जागी बारीक होऊ लागतो व वक्र उतरतो. परंतु प्रतिबल मूळ क्षेत्रफळावरून काढलेले असल्याने हा उतार भासमान आहे, कारण आकुंचित छेदावरील खरे प्रतिबल भंगापर्यंत वाढतच असते. भंग पेला-शंकूच्या आकाराचा होतो.

संरचनेच्या अभिकल्पात अनुज्ञेय प्रतिबल यील्ड-प्रतिबलास सुरक्षा गुणकाने भागून ठरवितात (पहा : सुरक्षा गुणक).