तळटीप : शोलेस्कीची रीत

* मूळ लेखकाने इथे A चा व्यस्त मॅट्रिक्स काढला आहे. त्याची गरज नव्हती. फ्रेंच तोफखान्यातील अधिकारी आंद्रे-लुई शोलेस्की (1918 मध्ये युद्धात मृत्यू) यांनी भूमापनातील लघुतम वर्गांच्या समीकरणांसाठी वापरलेली रीत इथे पुरते. ती छापून आली 1924 मध्ये. समजा 4x + 2y = 8 आणि 2x + 5y = 12. मॅट्रिक्स सममित व पॉझिटिव्ह डेफिनिट असल्याने A = LLᵀ असे फोडता येते. L च्या पहिल्या स्तंभात √4 = 2 आणि 2 ÷ 2 = 1; उरलेला कर्णघटक √(5 − 1²) = 2. आता वरून खाली Lz = b सोडवले की z = (4, 4), मग खालून वर Lᵀ(x, y) = z सोडवले की y = 2, x = 1.

वर्गमूळे महाग पडतात, हा आक्षेप फारसा टिकत नाही : n समीकरणांत ती n च लागतात, आणि एकूण आकडेमोड सममिती न वापरणाऱ्या गाउसच्या लोपनाच्या साधारण निम्मी. खरी अट वेगळी आहे. वर 5 च्या जागी 1 असता तर मुळाखाली शून्य आले असते, त्याहून कमी असता तर ऋण संख्या. म्हणजे मॅट्रिक्स पॉझिटिव्ह डेफिनिट नाही, हे गणित अडते तिथेच कळते. मात्र ती संख्या शून्याच्या अगदी जवळची धन असेल, तर गणित न अडताही उत्तराचे अंक भरवशाचे राहत नाहीत. — संपा.