जांभ्यातून निघालेली निळाई

लोटे गावात महामार्गाच्या कडेला जांभ्याची कपची सहज सापडते. तिची पूड तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात गरम करावी, पिवळे झालेले पाणी गाळून पातळ करावे आणि त्यात पोटॅशियम फेरोसायनाइडचे चार थेंब सोडावेत; परीक्षानळी गडद निळी होते. हा निळा म्हणजे प्रशियन ब्ल्यू. 1706च्या सुमारास बर्लिनमध्ये डीसबाख तांबडा रंग करायला बसला आणि अशुद्ध पोटॅशमुळे त्याच्या हाती हा निळा आला. 1752मध्ये माकेरने तोच निळा अल्कलीत उकळून त्यातून फेरोसायनाइड मिळवले.

आता आपण 1893कडे येऊ. धातूभोवती सहा शेजारी अष्टफलकाच्या टोकांवर बसतात, असे वेर्नरने मांडले. पण एक कोडे उरले. साधे फेरस क्षार चुंबकाकडे ओढले जातात, फेरोसायनाइड मात्र किंचित दूर लोटले जाते. गूई तराजूवर हे थेट दिसते: चुंबक चालू करताच एकाची नळी जड भरते, दुसऱ्याची हलकी. लोह तर दोन्हींत तेच!

1931मध्ये पॉलिंगने याची उकल केली. फेरस आयनाच्या पाच 3d कक्षकांत सहा इलेक्ट्रॉन असतात. सायनाइड त्यांना तीन कक्षकांत जोडीने बसवतो. मोकळे झालेले दोन 3d, एक 4s आणि तीन 4p मिळून सहा बंधांची जागा होते. एकही इलेक्ट्रॉन एकटा उरत नाही, म्हणून क्षार प्रतिचुंबकीय. पाण्याने वेढलेल्या लोहात मात्र चार इलेक्ट्रॉन एकटेच राहतात. असे बंध पॉलिंगने आयनिक मानले होते. 1952मध्ये टाउबेने त्यांना बाहेरचे दोन 4d कक्षक देऊन ‘आंतर’ आणि ‘बाह्य’ कक्षक संकुले अशी नावे रूढ केली. त्याचे लक्ष खरे तर शेजारी किती झटपट बदलतात याकडे होते.

मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी, की आपल्या परीक्षानळीतल्या निळ्यात दोन्ही प्रकार एकाच स्फटिकात नांदतात. फेरोसायनाइडमधून आलेले लोह सायनाइडच्या कार्बनकडे असते, d²sp³, एकाकी इलेक्ट्रॉन शून्य. जांभ्यातून आलेले फेरिक लोह नायट्रोजनकडे, sp³d², पाचही इलेक्ट्रॉन एकाकी. √(5×7), म्हणजे 5.92 बोर मॅग्नेटॉन. त्या घन पदार्थाचे चुंबकत्व जवळजवळ सगळे या जांभ्याच्या लोहाचे.

मात्र सायनाइडच जोड्या का लावतो, पाणी का नाही, हे ही उपपत्ती सांगत नाही. चुंबकीय मोजमाप हाती आल्यावरच ती संकरण ठरवते. 1950च्या दशकात लिगंड क्षेत्र सिद्धांताने कक्षकांमधल्या ऊर्जेच्या फरकातून ते कारण दाखवले आणि 4dची गरजही उरली नाही. निळा रंगही संकरणातून निघत नाही: प्रकाश शोषून कार्बनकडच्या लोहाचा एक इलेक्ट्रॉन नायट्रोजनकडच्या लोहावर जातो, तेव्हा तो दिसतो.