इंटिग्रेटर वाइंडअप
नियंत्रकाने मागितलेले ॲक्च्युएटर देऊ शकत नसताना नियंत्रकातील इंटिग्रेटर त्रुटीची बेरीज करीतच राहतो, तो दोष. भट्टीचा गॅस-व्हॉल्व्ह १०० टक्क्यांपलीकडे उघडत नाही. पीआय नियंत्रकाचे Kp = 2 %/°C आणि Ti = 100 s असून तापताना ३०० सेकंद सरासरी त्रुटी ४०° राहिली, तर इंटिग्रेटरमध्ये २४० टक्के साचतात. इष्ट तापमान गाठले तरी व्हॉल्व्ह पूर्ण उघडाच राहतो. तापमान वर जाऊन त्रुटी ऋण झाल्यावरच साठा उतरू लागतो.

यावरचा उपाय असलेल्या बॅक-कॅल्क्युलेशनमध्ये मागणी v आणि प्रत्यक्ष उघडीप u यांतील फरक इंटिग्रेटरकडे परत दिला जातो:

```
dI/dt = (Kp/Ti)·e + (u − v)/Tt
```

व्हॉल्व्ह मर्यादेत असताना u = v असल्याने ही जोड निष्क्रिय असते. Tt = 50 s घेतल्यास ४०° स्थिर त्रुटीला v वाढत न जाता १४० टक्क्यांवर थांबते. त्रुटी घटताच तीही उतरते आणि इष्ट तापमानाआधीच व्हॉल्व्ह मिटू लागतो. u मोजता येत नसेल, तर व्हॉल्व्हच्या मर्यादांचे प्रतिमान वापरतात. मात्र खरा व्हॉल्व्ह ९० टक्क्यांवरच अडकत असेल, तर तेवढ्या फरकाचा संचय उरतोच. Tt फार लहान ठेवल्यास, विशेषतः पीआयडीमध्ये, क्षणिक गोंगाटानेही इंटिग्रेटर भलतीकडे ढकलला जातो.